राउंड सुरू होण्याआधी रिक्रूटरला पगाराची रेंज कशी विचारावी

प्रश्न: पुण्यात जावा बॅकएंडवर काम करतो, सहा वर्षांचा अनुभव. सीटीसी १४ लाख, व्हेरिएबल नाही, पीएफ महिन्याला अठराशेच कापला जातो, हातात साधारण १ लाख ४ हजार येतात. मागे एका ठिकाणी चार राउंड आणि घरी करायची असाइनमेंट दिली आणि शेवटी ऑफर आली १६.५ लाखांची, त्यातलं १५ टक्के व्हेरिएबल. नाही म्हणालो. आता लिंक्डइनवर दुसऱ्या एका रिक्रूटरचा मेसेज आलाय. पगाराची रेंज चॅटमध्ये सुरुवातीलाच विचारली तर वाईट दिसतं का? आणि नेमकं काय विचारायचं?

उत्तर:

वाईट दिसत नाही. पहिल्या फोनवर दुसऱ्याच मिनिटाला रिक्रूटर स्वतः 'करंट किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस किती' विचारतो, तेव्हा त्याला संकोच होत नाही. तुम्हीही करू नका. मी आधी कन्सल्टन्सीत आणि मग कंपनीच्या आत बसून भरतीचं काम केलंय. सुरुवातीला रेंज विचारली म्हणून कुणाचा सीव्ही बाजूला पडलेला मला आठवत नाही. चार राउंड झाल्यावर आकड्यावरून फिसकटलेली प्रकरणं मात्र सतत पाहिली आहेत, आणि त्यात रिक्रूटरचंही नुकसान असतं. पॅनेलमधल्या सीनियर लोकांचे तास गेलेले असतात, मॅनेजर विचारतो की हे आधी का नाही तपासलं, आणि त्याला उत्तर रिक्रूटरलाच द्यावं लागतं.

पोझिशन उघडते तेव्हा पडद्याआड काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मॅनेजर जागा मागतो, त्या जागेचा ग्रेड ठरतो, फायनान्स बजेट मंजूर करतं, आणि मगच ती रिक्रूटरच्या यादीत येते. म्हणजे तुम्हाला मेसेज टाकताना त्याच्यासमोर खालचा आणि वरचा असे दोन्ही आकडे असतात. बहुतेक ठिकाणी मधल्या आकड्याच्या आसपास जमवा, वर जायचं तर मंजुरी घ्या, अशी सूचनाही असते. त्यामुळे 'बजेट अजून ठरलं नाही' हे उत्तर नव्या स्टार्टअपमधून किंवा व्हीपीच्या जागेसाठी आलं तर मी मानेन. सहा वर्षांच्या डेव्हलपरच्या जागेसाठी आलं तर ते खरं नसतं.

समोरचा माणूस कंपनीचा आहे की कन्सल्टन्सीचा, हे आधी ओळखा. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते तुम्ही रुजू झाल्यावर, तुमच्या वार्षिक सीटीसीच्या ठरावीक टक्केवारीने. ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा या धंद्यातला जुना परिचित दर. तुमचा पगार कमी करण्यात त्याला काही मिळत नाही, प्रकरण लवकर मिटण्यात मिळतं. म्हणून तो रेंज सहसा पटकन सांगतो, कधीकधी वरचा आकडा जरा फुगवूनही. कंपनीचा रिक्रूटर जास्त आवळून बोलतो, पण तो जे सांगतो त्यावर जास्त विसंबता येतं.

कन्सल्टन्सीच्या बाबतीत घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. तुमचा सीव्ही कंपनीकडे जातो तो एका एक्सेल ट्रॅकरबरोबर: नाव, अनुभव, करंट, एक्स्पेक्टेड, नोटीस, शहर. त्या एक्स्पेक्टेडच्या रकान्यात एकदा जो आकडा पडला तो शेवटच्या एचआर राउंडपर्यंत तुमच्या मागे येतो. शिवाय ज्याने प्रोफाइल आधी पाठवलं त्याचा तुमच्यावर काही महिने हक्क धरला जातो, दुसऱ्या कुणी चांगल्या अटींवर पाठवलं तर ते 'डुप्लिकेट' म्हणून परत येतं. त्यामुळे कंपनीचं नाव आणि रेंज कळेपर्यंत सीव्ही पाठवू नका, आणि 'माझं प्रोफाइल पाठवायला हरकत नाही' असा मेल तर नाहीच नाही.

आता विचारायचं कसं. नुसतं 'सॅलरी किती?' असं पाठवलं तर उत्तर येत नाही, आणि त्याचं कारण तुम्ही लोभी दिसता हे नाही. रिक्रूटरने असे पन्नास मेसेज टाकलेले असतात आणि उत्तर देणारा माणूस जागेत बसतो की नाही हे त्याला अजून माहीत नसतं. ते दोन ओळींत कळू द्या आणि त्याच मेसेजमध्ये प्रश्न विचारा. पाठवाल बहुधा इंग्रजीत, पण मजकूर असा असावा:

'नमस्कार, मेसेजबद्दल धन्यवाद. जावा आणि स्प्रिंग बूटवर सहा वर्षं काम करतोय, पुण्यातच आहे, नोटीस अमुक दिवसांची. जेडी वाचला, काम माझ्या अनुभवाशी जुळतं. राउंड ठरवण्याआधी दोन गोष्टी कळल्या तर बरं होईल: ही जागा कोणत्या ग्रेडची आहे, आणि तिचं मंजूर बजेट कोणत्या रेंजमध्ये आहे? रेंज फिक्स्डची आणि व्हेरिएबलची वेगळी सांगा, म्हणजे आपल्या दोघांचा वेळ वाचेल.'

यात माफी नाही, 'पैसाच सगळं नाही पण' अशी प्रस्तावनाही नाही. ती प्रस्तावना लोक हमखास घालतात, आणि तिनेच प्रश्न अवघडल्यासारखा वाटतो.

फिक्स्ड वेगळं का मागायचं, ते तुमच्याच नाकारलेल्या ऑफरवर करून पाहू. सीटीसी १६.५ लाख, म्हणजे तुमच्या १४ लाखांवर अडीच लाख वाढ. त्यातलं १५ टक्के व्हेरिएबल म्हणजे २,४७,५०० रुपये वर्षअखेरीस, आणि तेही कंपनीच्या आणि तुमच्या रेटिंगवर. ते बाजूला काढलं की उरले १४,०२,५००. मूळ पगार याच्या निम्मा धरू, ७,०१,२५०. त्यावर १२ टक्क्यांनी मालकाचा पीएफ ८४,१५०. हा सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ३३,७३० च्या आसपास. तीही सीटीसीत असते, पण कायम नोकरीत ती हातात पडते साधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्यावर. मेडिकल विम्याचा हप्ता काही कंपन्या सीटीसीत घालतात, तो २० हजार धरू. हे सगळं वजा केलं की वर्षाचा ढोबळ पगार १२,६४,६२० आणि महिन्याचा १,०५,३८५. आता तुमच्या बाजूचा पीएफ, पुन्हा १२ टक्के, म्हणजे महिन्याला ७ हजार, आणि व्यवसाय कराचे दोनशे. हातात राहिले सुमारे ९८ हजार.

इथे मी आयकर शून्य धरलाय. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर हे उत्पन्न १२ लाखांच्या आत बसतं, म्हणून. व्हेरिएबल मिळालं तर ते १२ लाखांच्या वर जाईल आणि कर लागेल. म्हणजे सीटीसी अडीच लाखांनी वाढूनही, कर न कापताच, दर महिन्याला हातात येणारी रक्कम सध्याच्या १ लाख ४ हजारांपेक्षा सहा हजारांनी कमी होत होती.

हा हिशेब पूर्ण खरा ठेवायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. सध्या तुमचा पीएफ कायद्याच्या १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर कापला जातो, म्हणून अठराशे. तिथे तो पूर्ण मूळ पगारावर कापला गेला असता, आणि तुमचे व मालकाचे मिळून महिन्याला १४ हजार खात्यात पडले असते. ते पैसे तुमचेच. पण घराचा हप्ता त्यातून भरता येत नाही. पीएफ मर्यादेवर ठेवण्याचा पर्याय काही कंपन्या रुजू होताना देतात, काही देत नाहीत. रेंजबरोबर हेही विचारून ठेवा, कारण हातातल्या रकमेत महिन्याला पाच-सहा हजारांचा फरक केवळ यावरून पडतो.

आता तुमच्या अपेक्षेचा आकडा काढा, तोही उलट्या दिशेने. बदल करण्यासारखा वाटायला हातात किमान किती हवेत? समजा १ लाख २५ हजार. मग अशाच रचनेत, पूर्ण पीएफ आणि आयकर धरून, फिक्स्ड साधारण १९.५ लाखांच्या घरात लागतं. रिक्रूटरने सांगितलेली '१८ ते २२ लाख' ही रेंज जर व्हेरिएबलसकट असेल आणि व्हेरिएबल १५ टक्के असेल, तर २२ लाखांतलं फिक्स्ड १८.७ लाख भरतं. म्हणजे कानाला छान वाटणाऱ्या त्या रेंजचं वरचं टोकही तुमच्या कामाचं नाही. हे पहिल्या दिवशी कळायला हवं.

रिक्रूटर आकडा न सांगता प्रश्न उलटवेल: 'आधी तुमचं करंट आणि एक्स्पेक्टेड सांगा.' इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. अपेक्षा सांगायला हरकत नाही, फक्त ती फिक्स्डमध्ये सांगा आणि रेंज देणार असाल तर तिचं खालचं टोक तुम्हाला खरोखर चालणारं असू द्या. '१७ ते २१' म्हटलं की ट्रॅकरमध्ये १७ च लिहिलं जातं. सध्याचा पगार मात्र सुरुवातीलाच द्यायची गरज नाही. बऱ्याच ठिकाणी 'करंटवर २० ते ३० टक्के' असा अलिखित नियम चालतो, आणि तुमचा १४ चा आकडा गेला की तुमची किंमत १७-१८ वर अडकते, मग बजेट २४ चं का असेना. सांगा की 'माझी अपेक्षा या जागेच्या कामावर आहे, फिक्स्ड १९.५ ते २२. तुमच्या बजेटमध्ये हे बसतं का तेवढं सांगा. कागदपत्रं ऑफरच्या वेळी देईनच.' काही जण अडून बसतात, काही पोर्टलवर तो रकाना भरल्याशिवाय पुढेच जाता येत नाही. तिथे खरा आकडा लिहा. फुगवून लिहिणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय: ऑफरआधी तीन महिन्यांच्या पेस्लिप मागतात, कधी फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट मागतात, आणि तफावत निघाली की आलेली ऑफर परत जाते. तेव्हा मॅनेजर कितीही बाजूने असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

टाळाटाळीची उत्तरं ठरलेली असतात आणि ती सगळी सारखी वाईट नसतात. 'बेस्ट इन इंडस्ट्री' आणि 'मार्केट स्टँडर्डप्रमाणे' याचा काहीच अर्थ नाही, ते जाहिरातीतून उचललेलं असतं. 'योग्य उमेदवार असेल तर बजेटची अडचण नाही' हे ऐकलं की मी सावध होतो. ज्याच्याकडे खरोखर मोकळं बजेट असतं तो आकडा अभिमानाने सांगतो. 'करंटवर ३० टक्के देतो' हे निदान प्रामाणिक आहे: तिथे जागेची किंमत नाही, तुमच्या मागच्या पगाराची किंमत होते, आणि १४ वरून तुम्हाला १८.२ च्या वर काही दिसणार नाही हे तिथेच कळलं. 'ते एचआर राउंडमध्ये बोलू' हे मात्र खरंच धोरण असू शकतं. काही कंपन्यांनी रिक्रूटरला रेंज लेखी द्यायला मनाई केलेली असते.

अशा माणसाकडून उत्तर काढायचा एक मार्ग आहे आणि तो बहुतेक वेळा चालतो. रेंज पुन्हा मागू नका. तुमचा किमान आकडा सांगा आणि हो किंवा नाही एवढंच विचारा: 'समजू शकतो, रेंज सांगता येत नसेल तर राहू द्या. फक्त एवढं सांगा, या ग्रेडला फिक्स्ड १९.५ लाख देणं शक्य आहे का? नसेल तर आपण इथेच थांबू, पुढे काही उघडलं तर नक्की कळवा.' ज्याला रेंज उघड करायला बंदी आहे त्यालाही याचं उत्तर देता येतं, कारण तो कंपनीचा आकडा सांगत नाही, तुमच्या आकड्याबद्दल बोलतो. 'हो, शक्य आहे' आलं तर पुढे जा. 'थोडं वरचं आहे, पण बघू' याचा अर्थ नाही असाच घ्या. ते 'बघू' चार राउंडनंतर तुमच्यावरच उलटतं, तेव्हा तुम्हीच दमलेले असता. आणि दोनदा विचारूनही काहीच आलं नाही तर पंधरा-वीस मिनिटांचा एक फोन द्यायला हरकत नाही, पण टेक्निकल राउंड नाही आणि घरची असाइनमेंट तर मुळीच नाही. माझ्या मते रेषा तिथे आखावी. फोनवर तुमची वीस मिनिटं जातात, असाइनमेंटमध्ये शनिवार-रविवार जातो.

आकडा पुष्कळदा फोनवरच सांगतात. फोन ठेवला की लगेच चॅटमध्ये दोन ओळी टाका: 'आत्ता बोललो त्याप्रमाणे, ग्रेड अमुक, फिक्स्ड १९ ते २२, व्हेरिएबल १० टक्के वेगळं. बरोबर ना?' त्याने नुसता अंगठा दाखवला तरी पुरे. हे कायद्याने कुणाला बांधत नाही, बांधतं ते ऑफर लेटर. पण पुढे रिक्रूटर बदलला तर (आणि तो बदलतोच) नव्याला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

ग्रेड विचारायला का सांगितलं? सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. रेंज सांगितली जाते सीनियर ग्रेडची, आणि मुलाखतीनंतर 'पॅनेलला तुम्ही एक पायरी खाली योग्य वाटलात' म्हणून खालच्या ग्रेडची ऑफर येते. रेंज खोटी नव्हती, ती आता तुमची राहिली नाही एवढंच. याला पूर्ण उपाय नाही. पण सिस्टिम डिझाइनच्या राउंडनंतर, म्हणजे शेवटच्या एक-दोन राउंडच्या आधी, रिक्रूटरला विचारा की 'आतापर्यंतच्या फीडबॅकवर अजून त्याच ग्रेडसाठी पाहताय ना?' खाली नेण्याचं घाटत असेल तर उत्तर अडखळत येतं, आणि उरलेले राउंड द्यायचे की नाहीत हे तुम्हाला ठरवता येतं.

परदेशातल्या मित्रांशी बोलाल तर त्यांना हा सगळा खटाटोप विचित्र वाटेल. अमेरिकेत कोलोरॅडोने २०२१ पासून, न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२२ पासून आणि कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून जाहिरातीतच रेंज छापायला लावली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात तर मुलाखतीआधी रेंज सांगणं आणि मागचा पगार न विचारणं, दोन्ही आहे. भारतात खासगी नोकरीसाठी असा कायदा नाही. पण तुमच्यासमोरची कंपनी अमेरिकी असेल तर तिच्याच साइटवर त्याच पदाची तिकडची जाहिरात उघडून बघा. डॉलरचा आकडा रुपयांत बदलून काही मिळणार नाही. त्या पदाच्या वरच्या आणि खालच्या पायऱ्या कोणत्या आणि त्यांत अंतर किती, हे मात्र तिथे उघड दिसतं, आणि रिक्रूटरशी ग्रेडवर बोलताना त्याचा उपयोग होतो. एम्बिशनबॉक्ससारख्या साइटवरचे आकडे लोकांनी स्वतः भरलेले आणि बहुधा सीटीसीचे असतात. दिशा कळण्यापुरते घ्या.

हे सगळं अनुभवी माणसांच्या बाजारासाठी आहे. कॅम्पसमध्ये पॅकेज आधीच जाहीर असतं, सरकारी जाहिरातीत वेतनस्तर छापलेला असतो, तिथे विचारण्यासारखं काही नाही. सुरुवातीच्या स्टार्टअपमध्ये रेंजबरोबर ईसॉप येतात. तिथे मी आधी फिक्स्डवर पोट भरतं का एवढंच बघतो, आणि ईसॉपचा प्रश्न संस्थापकांशी बोलताना काढतो, कारण रिक्रूटरला त्यातलं सहसा काही माहीत नसतं.

रेंज खरोखर खाली निघाली तर चॅट अर्धवट सोडू नका. 'धन्यवाद, माझी अपेक्षा फिक्स्ड १९.५ च्या पुढे आहे, त्यामुळे ही जागा जमणार नाही. त्या बजेटचं काही आलं तर मला आवडेल' असं लिहून मोकळे व्हा. रिक्रूटरकडे एका वेळी दहा-पंधरा जागा असतात, आणि ज्याचा आकडा, नोटीस आणि काम तीनही स्पष्ट आहेत अशा माणसाला पुढच्या जागेसाठी शोधावं लागत नाही, तो आधीच यादीत असतो. माझ्याकडे कितीतरी जण पहिल्या जागेला नकार देऊन अशाच दुसऱ्या जागेवर रुजू झालेत.